तोंड बंद, यादी उघडी: शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका,
महाराष्ट्रातील सर्व शाळा

विषय: पालकांच्या ग्रुपवर कोणी बोलायचे आणि कोणाचा नंबर कोणाला दिसायचा, याबाबत

महोदय, महोदया,



जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या यादीबरोबर आणखी एक गोष्ट न मागता आमच्या पदरात पडते, ती म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. प्रवेशअर्जावर लिहिलेला नंबर वर्गशिक्षिकांकडे जातो, त्या ग्रुप उघडून त्याला ‘4 थी ब’ असे नाव देतात आणि दुपारपर्यंत आम्ही पन्नास-साठ पालक एकमेकांच्या फोनमध्ये जाऊन बसलेलो असतो. आम्हाला हे चालेल का, असे कोणी विचारत नाही. नंबर तुम्हाला दिला होता, वर्गातल्या सगळ्यांना नाही, हे तेव्हा आमच्याही लक्षात येत नाही.

पुढचा आठवडा तुमच्या शिक्षिकांसाठी कसा जातो याची मला कल्पना आहे. ‘उद्या चित्रकलेचे साहित्य पाठवावे’ या एका ओळीखाली चाळीस वेळा ‘ओके मॅडम’ येते. त्यात कोणाचे ‘शुभ सकाळ’ असते, कोणाची सोसायटीतली फ्लॅटची जाहिरात असते, आणि चित्रकलेचे साहित्य केव्हाच वर निघून गेलेले असते. मग एक दिवस ग्रुपच्या सेटिंगमध्ये ‘Send new messages’ हे बटण बंद होते आणि फक्त ॲडमिन बोलू लागतात. व्हॉट्सॲपने ही सोय 2018 मध्ये दिली आणि शाळांइतकी ती कोणी मनावर घेतली असेल असे मला वाटत नाही.

यामागे एक भीतीही असते. कोणी पालकाने काही भलतेसलते टाकले तर ॲडमिन म्हणून आपण अडकू, असे अनेक मुख्याध्यापकांना वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीपासून संगनमत असल्याचे दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा पालकांचे तोंड बंद करायचे असेल तर गोंगाटाचे कारण सांगा, ते मला पटते. कायद्याचा धाक मात्र पुढे करू नका.

आता मुख्य तक्रार. तोंड बंद केल्यावर शाळेला वाटते की आपण शिस्त आणली, ग्रुपचा सूचनाफलक केला. तसे झालेले नसते. ग्रुपमध्ये दोन गोष्टी असतात: कोण लिहू शकते, आणि कोण आहे हे कोणाला दिसते. तुम्ही पहिली गोष्ट बदलली, दुसरीला हातही लावला नाही. ग्रुपच्या नावावर बोट टेकवले की सगळ्या सदस्यांची यादी आजही उघडते. बोलण्याचा हक्क गेला, पण नंबर चव्हाट्यावरच राहिला.

ही यादी एकदा पालकाच्या नजरेने बघा. जो नंबर आपल्या फोनमध्ये जतन नसतो त्याच्याशेजारी त्या व्यक्तीने स्वतः ठेवलेले नाव दिसते, आधी एक छोटीशी नागमोडी रेघ असते. आमच्याकडे बहुतेक आया स्वतःचे नाव ठेवत नाहीत. ‘~आरोहीची मम्मी’ असे ठेवतात, आणि चित्र आरोहीच्या वाढदिवसाचे असते. ग्रुपच्या नावात इयत्ता आणि तुकडी असते, चित्रात शाळेचे बोधचिन्ह. म्हणजे मुलीचे नाव, चेहरा, शाळा, वर्ग आणि आईचा चालू नंबर इतके सगळे एका पानावर मिळते. तुमच्या कार्यालयात एखाद्या अनोळखी माणसाने येऊन हा तक्ता मागितला तर शिपाईसुद्धा देणार नाही.

तो अनोळखी माणूस ग्रुपमध्ये शिरतो कसा? आमच्या मुलाच्या वर्गात तो निमंत्रणाच्या लिंकवरून शिरला. ज्यांचे नंबर चुकीचे नोंदले गेले होते त्यांच्यासाठी शिक्षिकांनी लिंक दिली, ती कोणीतरी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली आणि दोन-तीन भलतेच नंबर आत आले. ग्रुपवर कोणाला बोलता येत नसल्याने ते गप्प राहिले, आणि गप्प राहिल्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर आले नाहीत. ही ॲडमिनपुरत्या ग्रुपची खरी गोम आहे. बोलक्या ग्रुपमध्ये परका माणूस कधी ना कधी उघडा पडतो. मुक्या ग्रुपमध्ये सगळेच मुके, त्यामुळे परका आणि पालक सारखेच दिसतात. आठवड्याभरात शिकवणीवाल्यांचे फोन सुरू झाले. ‘चौथीतल्या आरोहीच्या मम्मी का?’ अशीच सुरुवात. ज्या आयांनी स्वतःचे नाव ठेवले होते त्यांना ‘मॅडम’ म्हणून फोन आले, यावरून नंबर कुठून गेले ते कळले. शाळेने हात झटकले: आम्ही कोणाला नंबर दिले नाहीत. खरेच आहे, कोणी दिले नाहीत. ते भिंतीवर लावलेले होते.

ग्रुप सोडावा म्हटले तर तेही पुरते होत नाही. सोडल्याची वार्ता आता फक्त ॲडमिनना जाते, पण मागील 60 दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी इतर सदस्यांना दिसत राहते. शाळा बदलून गेलेल्या मुलाच्या आईचा नंबर दोन महिने तिथेच असतो.

तोंड बंद करण्याचा दुसरा परिणाम तुमच्या कानावर आला असेल. ज्याला काही विचारायचे असते तो सदस्यांच्या यादीतून ओळखीचे नाव शोधतो, तिथून दुसरे, आणि रात्रीपर्यंत ‘4 थी ब मम्मीज’ नावाचा जोडग्रुप तयार होतो. त्यात तुमच्या शिक्षिका नसतात. सहलीची बस जुनी आहे, अमुक बाईंची बदली होणार आहे, असल्या बातम्या तिथे पिकतात, आणि खरे काय ते सांगायला कोणी नसते. प्रश्न थांबलेले नसतात, ते तुमच्या पाठीमागे विचारले जातात. ज्यांना त्या जोडग्रुपात घेतलेले नसते त्यांचे हाल वेगळेच. आईचा फोन वडिलांकडे असतो किंवा भाषेचा संकोच असतो, अशी दोन-चार घरे प्रत्येक वर्गात असतात, आणि नेमकी तीच दोन्हीकडून सुटतात.

आणि तुमच्या शिक्षिका? ॲडमिन म्हणून त्यांचा स्वतःचा नंबर सगळ्यांना दिसतो. ग्रुपवर विचारता येत नाही म्हटल्यावर पालक सरळ फोन करतात, रात्री दहालाही. त्या पाहुण्यांच्या घरी असतानाही आम्ही त्यांना गृहपाठ विचारलेला आहे, याची आम्हालाही लाज वाटायला हवी.

काही शाळांनी यावर चॅनेलचा मार्ग काढला आहे. व्हॉट्सॲपचे चॅनेल भारतात सप्टेंबर 2023 मध्ये आले. नंबरांपुरते बोलायचे तर ते ग्रुपच्या नेमके उलटे आहे. अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, नावेही दिसत नाहीत, फक्त एकूण आकडा दिसतो. ॲडमिनचा नंबर पालकांना दिसत नाही. तुम्हालाही अनुयायांचे नंबर मिळत नाहीत. ज्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहेत तेवढे ओळखू येतात. ग्रुपमध्ये इमोजीवर बोट ठेवले की तो कोणी टाकला ते कळते, चॅनेलवर पालकांना फक्त संख्या कळते. आणि पालकाला स्वतःहून काही लिहिता येत नाही. इमोजी टेकवा, मतदान असेल तर कौल द्या, संपले.

मग प्रश्न मिटला असे वाटेल. तसे नाही, आणि माझे अर्धे पत्र चॅनेल काढणाऱ्या या शाळांनाच आहे.

पहिली अडचण पावसाची. जुलैत लाल इशारा येतो, जिल्हाधिकारी पहाटे सुटी जाहीर करतात आणि तुम्ही साडेपाचला चॅनेलवर सूचना टाकता. पण चॅनेल नव्याने फॉलो केले की ते मुळात म्यूट असते. घंटेच्या चिन्हावर बोट ठेवून पालकाने ते चालू केले नसेल तर फोन वाजतच नाही. शिवाय चॅनेल नेहमीच्या गप्पांच्या यादीत नसते, ‘Updates’ या दुसऱ्या खणात असते, आणि तो खण रोज उघडणारे पालक किती? सात वाजता मुले रेनकोट घालून बंद फाटकासमोर उभी असतात. शाळा म्हणते, सूचना दिली होती. ग्रुपवर दिली असती तर संदेश दाबून धरून ‘Info’ बघता आले असते: इतक्यांनी वाचली, इतक्यांपर्यंत पोहोचली, इतक्यांपर्यंत पोहोचलीच नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांना फोन करता आला असता. चॅनेलवर कोणी वाचली हे नावानिशी कळण्याचा मार्ग नाही. नंबर लपवण्याची ही किंमत आहे. ती ठीक आहे, पण तातडीच्या सूचनेसाठी ती परवडत नाही.

दुसरी अडचण मुलांच्या फोटोंची. वर्गाच्या ग्रुपमधले संदेश सांकेतिक कुलूप लावून जातात, मधल्या कोणाला ते वाचता येत नाहीत. चॅनेलवरच्या मजकुराला ते कुलूप नसते, कारण चॅनेल मुळात चार लोकांनी बघावे म्हणूनच बनवले आहे. लिंक हाती आली की कोणीही फॉलो करतो, आणि नव्याने आलेल्याला आधीचा मजकूरही दिसतो. व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर तो 30 दिवसांपर्यंत राहतो. स्नेहसंमेलनात राधा-कृष्ण झालेल्या मुलांचे फोटो नावे घालून चॅनेलवर टाकणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. हेतू कौतुकाचा असतो. पण पालकांची यादी झाकली म्हणून चॅनेल खाजगी होत नाही. झाकलेले असतात ते बघणारे; जे दाखवले आहे ते उघड्यावरच असते. कोण बघते आहे हे तुम्हालाही दिसत नाही, म्हणून उलट जास्त जपायला हवे.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, आणि ती प्रामुख्याने विनाअनुदानित शाळांना उद्देशून आहे. महाराष्ट्रात शाळांच्या शुल्कावर 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यात 2018 मध्ये दुरुस्ती झाली आणि शुल्कवाढीविरुद्ध विभागीय समितीकडे जायचे तर शाळेतल्या किमान 25 टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. बाराशे मुलांच्या शाळेत म्हणजे सुमारे तीनशे. आता विचार करा, ज्या शाळेत वर्गाचा ग्रुप नाही, फक्त एक चॅनेल आहे, तिथे हे तीनशे पालक एकमेकांना सापडणार कुठे? फाटकावर दहाजण भेटतील, स्कूलबसवाले तेही भेटणार नाहीत. चॅनेलवर शुल्काची सूचना येते, खाली हजारभर अनुयायी असतात, आणि प्रत्येकाला वाटते की ही वाढ आपल्यालाच खुपते आहे. काही संस्थाचालकांना चॅनेल आवडते ते पालकांच्या खाजगीपणाच्या काळजीने की या कारणाने, हे मी ठरवणार नाही. पण ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी ग्रुप बंद केले’ हे वाक्य शुल्कवाढीच्याच महिन्यात ऐकू आले की माणूस कान टवकारतो.

म्हणजे यादी उघडी असणे वाईट आणि झाकलेली असणे चांगले, इतके हे सरळ नाही. शिकवणीवाल्याला ती दिसू नये, आणि पालकांना एकमेकांशी बोलायचे असेल तर रस्ता असावा. या दोन्ही गोष्टी एकाच बटणाने होत नाहीत म्हणूनच हे पत्र.

काय करता येईल, तेही सांगतो. साठ पालकांच्या वर्गासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट नावाची एक जुनी सोय आहे, ती शाळा विसरूनच गेल्या आहेत. एका यादीत 256 नंबर बसतात. शिक्षिका एकदाच लिहितात, प्रत्येक पालकाला तो संदेश स्वतंत्र आल्यासारखा दिसतो, आणि पालकाचे उत्तर फक्त शिक्षिकांना जाते. कोणालाच दुसऱ्याचा नंबर दिसत नाही, आणि तरीही विचारता येते. अट एकच: पालकाने तो नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला असला पाहिजे, नाहीतर संदेश पोहोचतच नाही. म्हणून पहिल्या पालकसभेत सगळ्यांना समोर बसवून नंबर जतन करून घ्या, पाच मिनिटांचे काम आहे. आणि तो नंबर शिक्षिकांचा स्वतःचा नको, शाळेने घेतलेले वेगळे सिमकार्ड असू द्या. रात्री आठनंतर तो फोन कपाटात राहील.

मोठ्या शाळांना कम्युनिटीचा मोह होतो. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सामान्य सदस्याचा नंबर इतर अनोळखी सदस्यांपासून झाकलेला असतो, हे खरे. पण तिच्या पोटातले ‘4 थी ब’, ‘5 वी अ’ हे साधेच ग्रुप असतात आणि तिथे नंबर पूर्वीसारखेच दिसतात. ‘आम्ही कम्युनिटीत आहोत, आमच्याकडे नंबर दिसत नाहीत’ असे एका सभेत छातीठोकपणे सांगितले गेले. सांगणाऱ्यांनी स्वतः ॲडमिन म्हणून न बघता एखाद्या पालकाच्या फोनवरून वर्गाचा ग्रुप उघडून बघितला असता तर बरे झाले असते. ॲडमिनच्या फोनवर चित्र नेहमीच वेगळे असते. टेलिग्राम वापरणाऱ्या शाळांनाही हेच सांगेन. तिथल्या चॅनेलच्या सदस्यांची यादी फक्त ॲडमिनला दिसते, पण त्याला चर्चेचा ग्रुप जोडला की तिथे लिहिणारा सगळ्यांसमोर येतो. त्याचा नंबर दिसेल की नाही हे त्याच्या स्वतःच्या सेटिंगवर ठरते, आणि ते सेटिंग पालकांना कोणीतरी दाखवावे लागते.

वर्गाचा ग्रुप ठेवायचाच असेल, आणि तो ठेवावा असे माझे मत आहे, तर त्यात येणे ऐच्छिक असू द्या. प्रवेशअर्जात वेगळी ओळ घाला: ‘माझा नंबर वर्गातील इतर पालकांना दिसण्यास माझी संमती आहे / नाही.’ ‘नाही’ म्हणणाऱ्याला ब्रॉडकास्ट लिस्टवर सगळ्या सूचना मिळाव्यात, त्यात कमीपणा नसावा. ग्रुपमध्ये ‘Add other members’ बंद करा, ‘Approve new members’ चालू करा, आणि लिंकवरून आलेला प्रत्येक नंबर हजेरीपटाशी ताडून मगच आत घ्या. बोलणे बंद करू नका, वेळ ठरवून द्या. संध्याकाळी सहा ते आठ प्रश्न विचारा म्हटले तर आम्ही विचारू, आणि ‘ओके मॅडम’ लिहू नका म्हटले तर तेही थांबवू. आजवर कोणी स्पष्ट सांगितलेच नाही. वर्षअखेरीला ग्रुप तसाच सोडून पुढच्या वर्गाचा नवा काढू नका. ‘1 ली ब’, ‘2 री ब’, ‘3 री ब’ असे तीन जुने ग्रुप माझ्या फोनमध्ये अजून आहेत. तिन्हींतही यादी जिवंत आहे आणि एकाचाही ॲडमिन आता त्या शाळेत नाही. आधी सगळ्यांना काढा, मग ग्रुप मिटवा.

चॅनेल हवे असेल तर ते वेळापत्रक, सुट्या, शुल्काच्या तारखा अशा गोष्टींसाठी ठेवा, ज्या फाटकावरच्या फळ्यावर लिहिताना तुम्हाला संकोच वाटणार नाही. मुलाचे नाव किंवा फोटो तिथे नको. आणि प्रत्येक चॅनेलच्या वर्णनात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतल्या पालक प्रतिनिधींशी संपर्क कसा साधायचा ते, त्यांच्या परवानगीने, लिहा. यादी झाकलेलीच राहू द्या, पण ज्याला इतर पालकांपर्यंत पोहोचायचे आहे त्याला एक दार तरी असू द्या. संघाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि शाळेने कोणती सोय कशासाठी निवडली हे पालकांना लेखी कळवावे, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
चौथी ‘ब’मधल्या एका मुलाचा पालक